‘सर्व मशीन हाताळता येतात’ म्हणजे नेमकं काय येतं?

पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियनची एक जागा निघाली की बायोडेटांचा गठ्ठा जमतो आणि वरवर पाहिलं तर त्यातले बहुतेक एकसारखे असतात. वर नाव, त्याखाली डीएमएलटी किंवा बीएस्सी एमएलटी, आणि मग चार ठरलेल्या ओळी: ‘सर्व प्रकारच्या अ‍ॅनालायझरचं ज्ञान’, ‘एनएबीएलची माहिती’, ‘मोठ्या संख्येनं सॅम्पल हाताळण्याचा अनुभव’, ‘सुरक्षेच्या नियमांचं काटेकोर पालन’. या ओळी वाचणाऱ्याला इतक्या पाठ झालेल्या असतात की त्याची नजर तिथे थांबतच नाही. वाईट याचं वाटतं, की त्यातल्या अनेकांना काम खरोखर चांगलं येत असतं. सकाळी सातला लॅब उघडून दुपारी दोनपर्यंत मान वर न करता काम करणारी ही मुलं-मुली. पण त्यांचं काम कागदावर उतरलेलंच नसतं.

असा बायोडेटा वाचणारा पॅथॉलॉजिस्ट किंवा क्वालिटी मॅनेजर प्रत्येक ओळीपाशी मनात पुढचा प्रश्न विचारत असतो. कोणतं मशीन? त्यावर तुम्ही स्वतः काय करत होता? आकडा कशाचा? जी ओळ त्या पुढच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन ठेवते, ती टिकते. हे कसं साधतं ते एका उदाहरणातून पाहू. बायोडेटा सहसा इंग्रजीत असतो, पण इथे त्यातल्या ओळी मराठीत देतो.

समजा, सोलापूरकडची एक मुलगी आहे. डीएमएलटी झाली, ५० खाटांच्या एका खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीन वर्षं काम केलं आणि आता पुण्यातल्या एका मोठ्या लॅबमध्ये अर्ज करते आहे. तिच्या बायोडेटात वरच्या चारही ओळी आहेत. एकेक ओळ उलगडून बघू.

मशीनचं नाव, आणि मशीनवरचं काम

‘सर्व प्रकारच्या अ‍ॅनालायझरचं ज्ञान’ या ओळीची पहिली अडचण अशी, की असं ज्ञान कुणालाच नसतं. तिच्या हॉस्पिटलमध्ये सीबीसीसाठी थ्री-पार्ट काउंटर होता, सिसमेक्स एक्सपी-१००. मोठ्या लॅबमध्ये फाइव्ह-पार्ट असतो. दोन्ही मशीन रक्तपेशी मोजतात, पण थ्री-पार्ट पांढऱ्या पेशींचे आकारमानावरून तीनच गट पाडतो. इओसिनोफिल आणि मोनोसाइट त्याला वेगळे करून दाखवता येत नाहीत. फाइव्ह-पार्टमध्ये लेझरच्या प्रकाशाच्या मदतीनं पेशीचं आतलं रूपही तपासलं जातं आणि पाचही प्रकार वेगळे मोजले जातात. म्हणून मॉडेलचं नाव लिहिलं की वाचणाऱ्याला लगेच अंदाज येतो: ही मुलगी थ्री-पार्टवर तयार झालेली आहे, म्हणजे डिफरन्शियलसाठी हिनं स्मिअर स्वतः मोजले असणार. जे तिला कमीपणाचं वाटत होतं, ते खरं तर तिच्या बाजूनं बोलणारं आहे. बटण दाबून पाचही प्रकार मिळणाऱ्या लॅबमध्ये वाढलेल्या अनेकांचा हात स्मिअरवर बसलेलाच नसतो.

पण नावावर थांबून भागत नाही. मशीन चालवणं या एका शब्दात निदान चार वेगळी कामं येतात. सॅम्पल लावून निकाल काढणं हे सर्वांत सोपं. सकाळी मशीन सुरू करून बॅकग्राउंड तपासणं, म्हणजे सॅम्पलशिवाय मशीन जवळपास शून्य दाखवतं की नाही ते पाहणं, आणि मग कंट्रोल लावणं, हे दुसरं. क्लीनर लावणं, अडकलेलं छिद्र मोकळं करणं, रिएजंट बदलल्यावर नोंद करणं ही रोजची आणि आठवड्याची देखभाल, हे तिसरं. चौथं आणि सर्वांत मोलाचं काम म्हणजे मशीननं दिलेला आकडा खरा नसेल तर ते ओळखणं.

या चौथ्या कामाचं एक नेहमीचं उदाहरण देतो. रुग्ण चालत आलेला, ताप नाही, अंगावर कुठे डाग नाही, आणि मशीन प्लेटलेट दाखवतं ४२ हजार. डेंग्यूच्या दिवसांत असा आकडा तसाच बाहेर गेला तर घरच्यांची धावपळ ठरलेली. जाणती टेक्निशियन आधी जांभळ्या टोपणाची ट्यूब हलवून काडीनं गुठळी तपासते. गुठळी नसेल तर स्मिअर करते आणि स्मिअरच्या पातळ होत जाणाऱ्या टोकाकडे पाहते. प्लेटलेट एकमेकींना चिकटून पुंजके झाले असतील तर ते तिथे दिसतात. काही जणांच्या रक्तात ईडीटीएमुळेच हे पुंजके होतात आणि मशीन त्यांना प्लेटलेट म्हणून मोजत नाही. मग निळ्या टोपणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेऊन मोजायचं आणि आलेल्या आकड्याला १.१ नं गुणायचं, कारण त्या ट्यूबमधल्या द्रवामुळे रक्त नऊ भागांचं दहा भाग झालेलं असतं.

हे सगळं आमची सोलापूरची मुलगी करत होती. तिच्या ओळीत मात्र ते कुठेच नव्हतं. आता तीच ओळ अशी लिहून पाहा:

> सिसमेक्स एक्सपी-१०० (थ्री-पार्ट), ३ वर्षं, स्वतंत्रपणे: रोजचं स्टार्ट-अप आणि बॅकग्राउंड, रोजचे कंट्रोल, साप्ताहिक देखभाल. फ्लॅग आलेल्या प्रत्येक सॅम्पलचा स्मिअर. कमी प्लेटलेटची स्मिअरवर खात्री, गरजेनुसार सायट्रेट सॅम्पल.
> एर्बा ईएम-२०० (बायोकेमिस्ट्री), २ वर्षं, स्वतंत्रपणे: कॅलिब्रेशन, दोन लेव्हलचे कंट्रोल, नव्या रिएजंट लॉटची पडताळणी.
> एलायझा रीडर: देखरेखीखाली, ६ महिने.

शेवटच्या ओळीतले ‘देखरेखीखाली’ आणि ‘६ महिने’ हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. जिथे हात कच्चा आहे तिथे तसं लिहिणाऱ्या माणसाच्या बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो. आणि मुलाखतीत एलायझावर खोलात प्रश्न आले तर तिची फजितीही होत नाही. कॅलिब्रेशन कंपनीचा इंजिनिअर येऊन करून जात असेल आणि ती फक्त नोंद ठेवत असेल, तर तेही तसंच लिहावं. पुण्यात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात ‘करून दाखवा’ म्हणणारं कुणीतरी भेटतंच.

‘एनएबीएलची माहिती’

या ओळीत जितका गोंधळ असतो तितका दुसऱ्या कुठल्याच ओळीत नसतो. पुष्कळ बायोडेटांत ‘एनएबीएल सर्टिफाइड टेक्निशियन’ असं लिहिलेलं असतं. असा टेक्निशियन नसतोच. एनएबीएल मान्यता देतं ती लॅबला, माणसाला नाही. आणि लॅबलाही सरसकट नाही, ठरावीक तपासण्यांच्या यादीला. एकाच लॅबची सीबीसी आणि साखर त्या यादीत असू शकते आणि एखादी हार्मोनची तपासणी यादीबाहेर असू शकते. वैद्यकीय लॅबसाठी ही मान्यता आयएसओ १५१८९ या मानकानुसार मिळते. त्याची सध्याची आवृत्ती २०२२ची आहे, त्याआधीची २०१२ची होती. काही जण आयएसओ ९००१ आणि १५१८९ एकाच दमात लिहून टाकतात. ९००१ कुठल्याही उद्योगाला लागू पडतं, ते कामाची व्यवस्था नीट आहे की नाही ते बघतं. १५१८९ त्यापुढे जाऊन विचारतं, की इथून निघणारा निकाल बरोबर असण्याइतकी या लॅबची आणि इथल्या माणसांची तयारी आहे का.

आमच्या मुलीच्या हॉस्पिटलच्या लॅबला मान्यता नव्हती. म्हणून तिनं घाबरून ‘माहिती आहे’ असं लिहिलं. तिला सांगायला हवं, की मान्यता नसलेल्या लॅबमध्येही दर्जाचं काम होतं आणि ते लिहिता येतं. ती रोज सकाळी रुग्णांच्या आधी कंट्रोल लावत होती, लेव्ही-जेनिंग्ज आलेख भरत होती आणि वेस्टगार्डचे नियम पाहत होती. या तीन गोष्टी म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण मुलाखतीतला अर्धा वेळ यावरच जातो.

कंट्रोल म्हणजे ज्यातलं प्रमाण आधीच माहीत आहे असं द्रव्य. साखरेच्या कंट्रोलची सरासरी तिच्या मशीनवर ९२ आणि एसडी, म्हणजे रोजचा नेहमीचा चढउतार, २.५ धरू. मग रोजचा आकडा बहुतेक वेळा ९२च्या दोन एसडी खाली-वर, म्हणजे ८७ ते ९७ मध्ये पडायला हवा. वीसांतून एखाद्या वेळी तो नुसत्या योगायोगानं बाहेर जातो. तीन एसडीच्या बाहेर मात्र योगायोगानं जाण्याची शक्यता हजारात तीनच. हे आकडे दररोज एका आलेखावर ठिपक्यांनी मांडले की लेव्ही-जेनिंग्ज आलेख होतो. ही पद्धत लॅबमध्ये १९५० मध्ये आली. कोणता ठिपका दिसल्यावर थांबायचं याचे नियम जेम्स वेस्टगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये एकत्र मांडले.

आता एक सकाळ घेऊ. दोन लेव्हलचे कंट्रोल लावले. खालच्या लेव्हलचा आकडा आला ९७.८. वरच्या लेव्हलची सरासरी २८०, एसडी ६, आणि आकडा आला २९३. दोन्ही दोन एसडीच्या किंचित बाहेर. तीनच्या बाहेर एकही नाही. घाईत असलेला माणस म्हणेल, थोडंसंच तर बाहेर आहे, चालवून घेऊ. पण दोन्ही आकडे एकाच दिशेला, वरच सरकले आहेत. ही २-२एस नियमाची खूण. योगायोग एकदा एका बाजूला जाईल, एकदा दुसऱ्या. दोघेही एकदम वर गेले याचा अर्थ सगळ्याच सॅम्पलची साखर मशीन थोडी जास्त दाखवणार. कारण बहुधा रिएजंट, कॅलिब्रेशन किंवा दिवा यांपैकी एखादं.

“मग तुम्ही काय केलंत?” हा प्रश्न मुलाखतीत येतोच येतो. आणि त्याचं उत्तर क्रमानं द्यावं लागतं.

“सर, आधी साखरेचे सगळे रिपोर्ट थांबवले. मग कंट्रोलची नवी व्हायल विरघळवून लावली. तरीही तसंच आलं, म्हणून रिएजंटची तारीख पाहिली. आदल्या दिवशी नवा लॉट लावला होता, पण कॅलिब्रेशन जुन्याच लॉटचं राहिलं होतं. नव्यानं कॅलिब्रेट केलं, दोन्ही लेव्हल पुन्हा लावल्या, त्या आत आल्या.”

“आणि आदल्या दिवशीचे रुग्ण?”

हा प्रश्न ऐकून अनेक जण गप्प होतात. शेवटचा कंट्रोल बरोबर आला तेव्हापासून आजपर्यंत जे सॅम्पल गेले, त्यांतले काही पुन्हा लावून पाहावे लागतात. फरक मोठा असेल तर डॉक्टरांना सांगून सुधारित रिपोर्ट द्यावा लागतो. आमची मुलगी हे सांगू शकली, तर मान्यता नसलेल्या लॅबमधून आल्याचा मुद्दा तिथेच संपला. आणि नुसतंच नवा कंट्रोल, आला नाही तर आणखी एक, असं आत येईपर्यंत लावत राहिल्याचं कुणी सांगितलं, तर ऐकणाऱ्याला कळतं की या माणसाकडे आलेख आहे पण आलेख वाचण्याची सवय नाही.

लॅब बाहेरच्या गुणवत्ता-तुलनेत भाग घेत असेल, तर तेही लिहावं. अनेक लॅब वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या योजनेत असतात. अज्ञात सॅम्पल येतो, तो लावून निकाल पाठवायचा आणि बाकीच्या लॅबच्या तुलनेत आपण कुठे आहोत ते कळतं. तिथे एखादा निकाल बाहेर गेला असेल आणि त्याचं कारण शोधण्यात तिचा हात असेल, तर ती एक ओळ दहा प्रशस्तिपत्रांपेक्षा जड.

या भागात एक शब्द फार जपून वापरावा लागतो. काही बायोडेटांत ‘रिपोर्ट ऑथराइज केले’ असं लिहिलेलं असतं. लॅबचा रिपोर्ट पॅथॉलॉजीतलं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनंच सही करून द्यायचा, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं. टेक्निशियन करतो ती तांत्रिक पडताळणी: कंट्रोल आत आहे, आकडा त्याच रुग्णाच्या मागच्या रिपोर्टशी जुळतो, सॅम्पल विरघळलेल्या रक्तपेशींनी लाल झालेला नाही. तेच लिहावं. ‘ऑथराइज’ शब्द दिसला की वाचणाऱ्याच्या मनात त्या मुलापेक्षा त्याच्या आधीच्या लॅबबद्दलच शंका उभी राहते. शिक्षणाच्या ओळीपाशी महाराष्ट्र परावैद्यक परिषदेची नोंदणी असेल तर तिचीही नोंद करावी. ती असली की पुढचा पत्रव्यवहार वाचतो.

आकडा कशाचा?

‘रोज ५०० सॅम्पल हाताळले’ असं लिहिण्याची आता रीतच झाली आहे, आणि सर्वांत जास्त गडबड इथेच होते. आमच्या मुलीच्या लॅबचा एक नेहमीचा दिवस मोजून बघू. समजा ११० रुग्ण आले. त्यांच्यापैकी ७० जणांचा सीबीसी, ६० जणांची साखर, २५ जणांचा लिव्हर प्रोफाइल, २५ जणांचा किडनी प्रोफाइल, ३० जणांची लघवी.

ट्यूब मोजल्या तर सीबीसीच्या जांभळ्या ७०, साखरेच्या करड्या ६०, लिव्हर आणि किडनीसाठी मिळून लाल ४० (दोन्ही प्रोफाइल असलेल्या दहा जणांना एकच ट्यूब पुरते), लघवीच्या बाटल्या ३०. एकूण २००. प्रोफाइलला एक धरून तपासण्या मोजल्या तर २१०. आणि प्रत्येक पॅरामीटर सुटा मोजला तर? सीबीसीत साधारण २० पॅरामीटर, म्हणजे १,४००. लिव्हरमध्ये ८ धरले तर २००. किडनीत युरिया, क्रिएटिनिन आणि युरिक अ‍ॅसिड असे ३, म्हणजे ७५. साखर ६०. लघवीच्या पट्टीवर १०, म्हणजे ३००. एकूण २,०३५.

एकच दिवस, पण तो ११०, २००, २१० किंवा २,०३५ असा कसाही लिहिता येतो, आणि यांतला एकही आकडा खोटा नाही. म्हणून एकक लिहिल्याशिवाय आकड्याला काही अर्थ उरत नाही. त्यात तिचा स्वतःचा वाटा किती, हेही हवं. लॅबमध्ये त्या वेळी तिघे असतील आणि बायोकेमिस्ट्री दुसरं कुणी बघत असेल, तर लॅबचा आकडा लॅबचा आणि तिचा आकडा तिचा.

मुलाखत घेणारा हे आकडे मशीनवरून ताडून पाहतो. एक्सपी-१०० तासाला जास्तीत जास्त साठेक सॅम्पल करतो. कुणी लिहिलं की मी आठ तासांच्या शिफ्टमध्ये एका एक्सपी-१०० वर ८०० सीबीसी केले, तर गुणाकारच सांगतो की आठ तासांत ४८०च्या वर जाताच येत नाही. तेही मधे धुलाई नाही, कंट्रोल नाही, चहा नाही असं धरून. अशी एक ओळ पकडली गेली की बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो.

संख्येपेक्षा मला गर्दीची वेळ जास्त सांगून जाते. उपाशीपोटीच्या साखरेसाठी माणसं सकाळी आठ ते दहा एकदम येतात, आणि दहाच्या राउंडला डॉक्टरांना आयसीयूतले आकडे हवे असतात. त्या दोन तासांत ११० पैकी ७० जणांची ट्यूब आली असेल आणि तातडीचा पोटॅशियम पाऊण तासात गेला असेल, तर ते लिहिण्यासारखं आहे. किती सॅम्पल नाकारले हेही लिहिण्यासारखं. निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये ०.३ मिली सायट्रेट असतं आणि २.७ मिली रक्त यायला लागतं. रक्त निम्मंच आलं तर सायट्रेटचं प्रमाण वाढतं आणि रक्त गोठायला उगाच जास्त वेळ लागतोय असं दिसतं. अशी ट्यूब परत पाठवणं वॉर्डातल्या सिस्टरशी भांडण ओढवून घेणं असतं. जिच्या बायोडेटात ‘नाकारलेल्या सॅम्पलची नोंद आणि कारणनिहाय महिन्याचा आढावा’ असं असतं, तिनं हे भांडण केलेलं असतं.

तिची नवी ओळ:

> दररोज साधारण ११० रुग्ण, २०० सॅम्पल (तिघांची लॅब). त्यात माझ्याकडे सर्व सीबीसी (सुमारे ७०) आणि लघवी (सुमारे ३०). सकाळी ८ ते १० गर्दी. तातडीचे निकाल ४५ मिनिटांत. नाकारलेल्या सॅम्पलची कारणनिहाय नोंद ठेवली.

यातला कुठलाही आकडा तिला महिन्याच्या रजिस्टरवरून काढता यायला हवा. ते रजिस्टर लॅबचं आहे. त्याचे फोटो, रुग्णांची नावं, रिपोर्टचे स्क्रीनशॉट बायोडेटाला जोडणं म्हणजे रुग्णांची खासगी माहिती फोडणं. कामाचा पुरावा म्हणून असं जोडलेलं आलं, तर मी तो अर्ज तिथेच बाजूला ठेवीन.

सुरक्षा

‘नियमांचं काटेकोर पालन’ ही ओळ सर्वांत पोकळ, आणि तिच्यामागचं काम सर्वांत जिवावरचं. टेक्निशियनला रोज धोका असतो तो सुईचा. हेपॅटायटिस बीची लस न घेतलेल्या माणसाला बाधित रुग्णाची सुई टोचली तर संसर्गाची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत असू शकते. एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे ०.३ टक्के. भीती एचआयव्हीची जास्त वाटते, पण लॅबमधल्या माणसाला मोठा धोका हेपॅटायटिस बीचा आहे, आणि त्यावर लस आहे. शून्य, एक आणि सहा महिन्यांना तीन डोस, आणि त्यानंतर रक्तात अँटी-एचबीएस १० युनिटच्या वर आहे का ते पाहणं. ‘हेपॅटायटिस बी लसीकरण पूर्ण, अँटीबॉडी तपासलेली’ ही बायोडेटातली एक ओळ ‘काटेकोर पालन’पेक्षा कितीतरी जास्त सांगते. विशीतल्या अनेक मुलांनी तिसरा डोस घेतलेलाच नसतो. निदान ही ओळ लिहिण्यासाठी तरी त्यांनी तो घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

सुई टोचल्यावर काय कराल, हाही ठरलेला प्रश्न. बोट दाबून रक्त काढत बसायचं नाही, तोंडात घालायचं नाही. साबण-पाण्यानं धुवायचं, लगेच वरिष्ठांना सांगायचं, कोणत्या रुग्णाची सुई होती ते नोंदवायचं. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधं लागली तर ती शक्य तितक्या लवकर, काही तासांतच सुरू करायची. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत. औषधं २८ दिवस घ्यायची असतात. बरेच जण लाजेनं किंवा ओरडा बसेल म्हणून सांगतच नाहीत आणि हे तास निघून जातात.

कचऱ्याचं वर्गीकरण २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार होतं. सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. काचेच्या स्लाइड आणि फुटलेली काच निळ्यात. सुई काढलेल्या प्लास्टिकच्या सिरिंज आणि हातमोजे लाल पिशवीत. रक्ताचे बोळे पिवळ्यात. लॅबच्या बाबतीत विसरला जाणारा मुद्दा असा, की रक्ताचे सॅम्पल आणि कल्चरच्या प्लेट कचरा नेणाऱ्या गाडीत देण्याआधी लॅबमध्येच ऑटोक्लेव्ह करून निर्जंतुक करायच्या असतात. ‘ऑटोक्लेव्हचा रोजचा रजिस्टर, निर्जंतुकीकरणाच्या पट्टीसह’ असं ज्यानं लिहिलं, त्यानं ते केलेलं असतं. नुसतं पोस्टर वाचणाऱ्याला ती पट्टी सुचत नाही.

आणखी एक प्रश्न मी हमखास विचारतो: एक टक्का हायपोक्लोराइटचं एक लिटर करून दाखवा. दुकानात मिळणारं द्रावण ५ टक्क्यांचं धरलं, तर २०० मिली द्रावण आणि ८०० मिली पाणी. सोपं गणित, पण बरेच जण अंदाजे ओततात. ते रोज ताजं करावं लागतं, कारण क्लोरीन उडून जातो आणि आठवडाभर ठेवलेल्या बाटलीत शेवटी नुसतं पाणी आणि वास उरतो. रक्त सांडलं तर आधी त्यावर कागद किंवा कापड टाकायचं, मग हे द्रावण ओतून थांबायचं आणि त्यानंतर पुसायचं. आधी पुसून मग द्रावण टाकलं तर जंतू फरशीभर पसरवून झालेले असतात.

सुरक्षेच्या ओळीत तिनं शेवटी असं लिहावं:

> हेपॅटायटिस बी लस (३ डोस) पूर्ण, अँटीबॉडी तपासलेली. जैववैद्यकीय कचरा नोंदवही आणि ऑटोक्लेव्ह रजिस्टर २ वर्षं सांभाळलं. रक्त सांडल्यास आणि सुई टोचल्यास करायच्या कृतीचं नव्या दोन सहकाऱ्यांना प्रशिक्षण दिलं.

नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या मुलांचा प्रश्न वेगळा. त्यांच्याकडे तीन वर्षं नाहीत. पण इंटर्नशिपच्या महिन्यांत त्यांनी स्वतः किती शिरेतून रक्त घेतलं, किती स्मिअर रंगवले, साखरेची तपासणी सेमी-ऑटो मशीनवर हातानं केली का, हे लिहिता येतं. हातानं केली असेल तर ते जरूर लिहावं. १,००० मायक्रोलिटर रिएजंटमध्ये १० मायक्रोलिटर सिरम, ३७ अंशांवर दहा-पंधरा मिनिटं, आणि ५०५ नॅनोमीटरवर वाचन. पिपेटचं टोक बाहेरून न पुसता सिरम सोडलं की त्या दहा मायक्रोलिटरचे बारा होतात आणि साखर चढते. ज्यानं ही चूक होताना पाहिली आहे, त्याला मोठं मशीन काय करतं ते समजावून सांगावं लागत नाही. लॅबप्रमुखालाही ते माहीत असतं, म्हणून नवख्याच्या बायोडेटात तो मशीनची यादी शोधत नाही. पिपेट कधी धरलं होतं का, एवढंच बघतो.